x लहान, पण कशापुढे?

प्रश्न: बारावीत आहे. ०.०१ मोलर क्लोरोॲसेटिक आम्लाचा पीएच काढायचा होता, Ka = 1.4 × 10⁻³ दिला होता. मी √(Ka·C) वापरून २.४३ काढला. उत्तर २.५१ दिलंय. आकडेमोड तीनदा तपासली, बरोबर आहे. सर म्हणतात सौम्य आम्लात x लहान असतो, तो सोडायचा. मग माझं चुकलं कुठे? प्रत्येक वेळी वर्गसमीकरण सोडवत बसायचं का?

उत्तर:

बारावीत आहेस म्हणून 'तू' म्हणते, राग मानू नकोस. मी चोवीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आहे. त्याआधी तीन वर्षं एका कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी प्रयोगशाळेत काढली. तुझ्याच आम्लाने तिथे मला एकदा चांगलंच चकवलं होतं, ते पुढे सांगते.

तुझी आकडेमोड बरोबर आहे, तुझ्या सरांचं वाक्यही बरोबर आहे. फक्त ते अर्धं आहे. 'x लहान असतो' हे ऐकल्यावर पहिला प्रश्न पडायला हवा, की लहान म्हणजे कशापुढे? तुझा x आला ०.००३७. एकटा पाहिला तर चिमुकला दिसतो, तीन शून्यं घेऊन आलाय. पण त्याला ज्यातून वजा करायचं आहे ती संहती आहे ०.०१. शंभरातले सदतीस गेले आणि तू म्हणालास काहीच गेलं नाही. वाणी एकशे एक रुपयांच्या बिलात वरचा रुपया सोडतो, सदतीस रुपये सोडत नाही.

ही सवलत नेमकी कुठे घेतली जाते ते आधी बघू. C इतक्या संहतीचं आम्ल पाण्यात टाकलं. त्यातले x इतके रेणू फुटले, म्हणून हायड्रोजन आयन x, ऋण आयन x, आणि न फुटलेलं आम्ल C − x. विचरण स्थिरांकाचं समीकरण असं होतं:

Ka = x² / (C − x)

इथपर्यंत कोणतीही सूट नाही. छेदातल्या C − x च्या जागी आपण नुसता C लिहितो तेव्हा सूट घेतली, आणि मग x = √(Ka·C) हे सुटसुटीत सूत्र हाती येतं. वरचा x² मात्र आपण सोडत नाही, तो सोडला तर उरेल काय! म्हणजे 'x सोडा' असं म्हणतात त्याचा खरा अर्थ इतकाच, की जवळजवळ सगळं आम्ल न फुटता तसंच राहिलं आहे असं धरा. हे विधान त्या विशिष्ट द्रावणाबद्दल आहे. आम्लाच्या नावावर 'सौम्य' असा शिक्का आहे म्हणून ते आपोआप खरं होत नाही.

वर्गात जे उदाहरण हमखास येतं ते घे. ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल, Ka = 1.8 × 10⁻⁵.

x = √(1.8 × 10⁻⁵ × 0.1) = 1.34 × 10⁻³

पीएच आला २.८७. आता लगेच x ला C ने भागून बघ: ०.००१३४ भागिले ०.१ म्हणजे १.३ टक्के. शंभरातला एक-सव्वा रेणू फुटला. 'जवळजवळ सगळं आम्ल तसंच आहे' हे आपलं गृहीतक आपल्याच उत्तराने खरं ठरवलं. वर्गसमीकरण सोडवलं तर पीएच २.८७५ येतो, फरक ०.००३. तो कोणी विचारत नाही.

तुझ्या गणितात तीच तपासणी केली असतीस तर:

x / C = 3.74 × 10⁻³ / 0.01 = 0.37

सदतीस टक्के. गृहीत धरलं होतं की जवळजवळ काहीच फुटलं नाही, आणि उत्तर सांगतंय की एक तृतीयांशाहून जास्त फुटलं. उत्तर स्वतःच गृहीतकाला खोटं पाडतंय. तुझं चुकलं म्हणशील तर ते इथे. सूत्र वापरलंस यात काही वावगं नाही, पण वापरून झाल्यावर मागे वळून पाहिलं नाहीस.

आता माझी गोष्ट. कारखान्यात मी नवीन होते. मोनोक्लोरोॲसेटिक आम्लाचं ०.०१ मोलर द्रावण तयार करून त्याचा पीएच मोजायचा होता. मोजण्याआधी कागदावर आकडा काढायची सवय होती, तो आला २.४३. मीटरने दाखवला २.५२. मी मीटरला दोष दिला. इलेक्ट्रोड धुतला, बफरच्या गोळ्या विरघळवून ४ आणि ७ चे ताजे बफर केले, मीटर पुन्हा लावून घेतला. दोन्ही बफर अचूक दाखवत होता. परत द्रावणात बुडवला, परत २.५२. मग मी द्रावणावर संशय घेतला, वजन परत केलं, नवं द्रावण केलं. हे आम्ल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे वजनात थोडं पाणीच आलं असेल असंही वाटून गेलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हा खेळ चालला. शेवटी आमच्या वरिष्ठ बाईंनी माझी वही पाहिली, x च्या खाली पेन्सिलीने एक रेघ मारली आणि खाली C लिहून निघून गेल्या. बोलल्या काहीच नाहीत. मला पुरेसं होतं. मीटर बरोबर होता, द्रावण बरोबर होतं, चूक वहीत होती. अर्धा दिवस वाया गेला तो एक भागाकार न केल्यामुळे.

आता दुरुस्ती कशी करायची ते. दोन वाटा आहेत. पहिली तुला माहीतच आहे, वर्गसमीकरण. छेद वर नेला की

x² + Ka·x − Ka·C = 0

आणि त्याची धन किंमत

x = [−Ka + √(Ka² + 4·Ka·C)] / 2

तुझे आकडे घातले तर वर्गमुळाच्या आत 1.96 × 10⁻⁶ + 56 × 10⁻⁶, म्हणजे 57.96 × 10⁻⁶. वर्गमूळ 7.613 × 10⁻³. त्यातून 1.4 × 10⁻³ वजा करून निम्मं केलं की x = 3.107 × 10⁻³ आणि पीएच २.५१. हेच तुझ्या उत्तरसूचीतलं उत्तर. विचरण ३१ टक्के. सूत्राने सांगितलेले ३७ सुद्धा फुगवलेले होते, हेही बघून ठेव.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण तिच्यात काय घडतंय ते दिसतं. पहिलं उत्तर फेकून न देता तेच वापरायचं. छेदात C च्या जागी आता आपल्याला कळलेलं 'उरलेलं आम्ल' घालायचं आणि परत वर्गमूळ काढायचं:

x₁ = √(Ka × 0.01) = 3.74 × 10⁻³
x₂ = √(Ka × (0.01 − 0.00374)) = 2.96 × 10⁻³
x₃ = √(Ka × (0.01 − 0.00296)) = 3.14 × 10⁻³
x₄ = √(Ka × (0.01 − 0.00314)) = 3.10 × 10⁻³
x₅ = √(Ka × (0.01 − 0.00310)) = 3.11 × 10⁻³

आकडे एकदा वर, एकदा खाली असे झुलत येतात आणि झोका लहान होत जातो. पहिल्या वेळी आपण सगळं आम्ल शाबूत धरलं, म्हणून x जास्त आला. तो जास्तीचा x वजा केल्यामुळे उरलेलं आम्ल कमी धरलं गेलं, म्हणून दुसरा x कमी आला. खरं उत्तर कायम लगतच्या दोन आकड्यांच्या मध्ये असतं. त्यामुळे दोन फेऱ्यांनंतरच तुला कळतं की x हा 2.96 आणि 3.74 × 10⁻³ यांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि पीएच २.४३ ते २.५३ यांच्या मध्ये. तेवढ्यावर काम भागत असेल तर तिथेच थांब. साध्या कॅल्क्युलेटरवर हे वर्गसमीकरणापेक्षा लवकर होतं असा माझा अनुभव आहे. पण विचरण फार जास्त असेल, साठ-सत्तर टक्के, तर झोके लवकर थांबत नाहीत. आणि सूत्राचा पहिलाच x जर C पेक्षा मोठा आला, तर दुसऱ्या फेरीत वर्गमुळाच्या आत ऋण संख्या येऊन गाडी अडते. तेव्हा मुकाट्याने वर्गसमीकरण घ्यायचं.

प्रत्येक वेळी एवढं करायचं का, हा तुझा खरा प्रश्न. नाही. पण त्यासाठी चूक किती होते हे मोजता आलं पाहिजे, आणि ते फार सोपं आहे. नीट वाच, कारण पुस्तकात '५ टक्क्यांचा नियम' एवढंच लिहून पुढे जातात, ५ का ते सांगत नाहीत.

समज सूत्राने विचरण १० टक्के दाखवलं. म्हणजे छेदात आपण जो C धरला तो खऱ्या C − x पेक्षा सुमारे १० टक्के जास्त होता. पण x काढताना तो वर्गमुळाखाली जातो, आणि वर्गमूळ लहानसहान चूक निम्मी करतं. म्हणून x मधली चूक सुमारे ५ टक्केच. त्यानंतर आपण लॉग घेतो. हायड्रोजन आयनांच्या संहतीत १ टक्का चूक झाली तर पीएच सुमारे ०.००४३ ने हलतो. दोन्ही एकत्र केलं तर सूत्राने दाखवलेल्या विचरणाच्या दर टक्क्यामागे पीएच ०.००२२ ने चुकतो. आणि चुकतो तो एकाच दिशेने, खरा पीएच नेहमी थोडा जास्त असतो.

तुझ्या गणितावर लावून बघ. ३७ गुणिले ०.००२२, म्हणजे ०.०८. तुझा २.४३, उत्तरसूचीचा २.५१. फरक नेमका तेवढाच! ॲसेटिक आम्लात १.३ टक्के होतं, त्याला गुणलं तर ०.००३, तेही वर दिसलंच.

आता ५ टक्क्यांचं रहस्य उरत नाही. ५ टक्के विचरणाला पीएचमधली चूक येते ०.०११. प्रयोगशाळेतला साधा मीटर पीएच दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवतो आणि शेवटच्या आकड्यावर एक-दोनचा भरवसा आपण ठेवत नाहीच. म्हणजे सूत्राची चूक मीटरच्या चुकीत लपून जाते. शिवाय Ka सुद्धा काही कोरीव लेणं नाही. ॲसेटिक आम्लाचा Ka एका पुस्तकात 1.8 × 10⁻⁵ मिळेल, दुसऱ्यात 1.75 × 10⁻⁵. एवढ्याने पीएच ०.००६ ने हलतो. दिलेली माहितीच एवढी ढिली असताना उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत घासण्यात अर्थ नाही.

म्हणून सीमा कुठे ओढायची हे तू कशासाठी गणित करतो आहेस यावर अवलंबून आहे. काही पुस्तकं C भागिले Ka हे १०० पेक्षा जास्त हवं म्हणतात, काही ४००, काही १०००. विद्यार्थी यात गोंधळतात, पण तिन्हींत भांडण नाही. ४०० म्हणजे बरोबर ५ टक्के विचरण. १०० म्हणजे १० टक्के, चूक ०.०२. १००० म्हणजे साधारण ३ टक्के, चूक ०.००७. ज्याला जेवढी चूक चालते त्याने तेवढा आकडा घेतला. पर्यायी प्रश्नात उत्तरं २.४, ३.४, ४.४ अशी लांब लांब असतील तर तुझं ३७ टक्क्यांचं प्रकरणसुद्धा निभावून जाईल. पण प्रश्न जर 'विचरणाची टक्केवारी काढा' असा असेल तर तिथे लॉगचं पांघरूण नाही. ३१ च्या जागी ३७ लिहिलं तर ते उघडं चूक दिसतं.

C भागिले Ka ची तपासणी आधी करता येते, x भागिले C ची नंतर. मी विद्यार्थ्यांना नंतरची शिकवते, कारण आधीची पाठ केलेली असते आणि पाठ केलेलं उलटं आठवतं. Ka भागिले C करून 'शंभरपेक्षा कमी आहे, चालेल' असं लिहिलेल्या उत्तरपत्रिका मी दर वर्षी पाहते.

आता एक गोष्ट जी मुलांना सर्वांत उशिरा पटते. आम्ल तेच, बाटली तीच, Ka तोच, तरी नुसतं पाणी घालत गेलं की सूत्र मोडतं. ॲसेटिक आम्लच घेऊ. ०.१ मोलरला सूत्र झकास चाललं. ते शंभरपट विरल करून ०.००१ मोलर केलं तर सूत्र १३ टक्के विचरण आणि ३.८७ पीएच सांगतं, खरा पीएच ३.९०. आणखी दहापट विरल केलं, ०.०००१ मोलर, तर सूत्र म्हणतं ४.३७, खरा ४.४६. आणि 10⁻⁵ मोलरला काय होतं बघ:

x = √(1.8 × 10⁻⁵ × 10⁻⁵) = 1.34 × 10⁻⁵

आम्ल टाकलं 1.0 × 10⁻⁵, त्यातून हायड्रोजन आयन निघाले 1.34 × 10⁻⁵. शंभर रेणूंपैकी एकशे चौतीस फुटले! वर्गसमीकरणाने खरा x येतो 7.2 × 10⁻⁶ आणि पीएच ५.१५, म्हणजे बहात्तर टक्के आम्ल फुटलेलं आहे. 'सौम्य' आम्ल इतक्या विरल द्रावणात बऱ्यापैकी तीव्र आम्लासारखं वागतंय.

हे ओस्टवाल्डने १८८८ सालीच सांगून ठेवलं, तुमच्या अभ्यासक्रमात त्याच्या नावाचा विरलतेचा नियम आहे तो हाच. द्रावणाची विद्युतवाहकता मोजून तो विचरण किती झालं ते काढायचा, आणि विरल करत गेलं की ते वाढतं हे आकड्यांत बसवून दाखवायचा. त्याच्या सूत्रातला α म्हणजे आपला x भागिले C. पुस्तकात त्या सूत्राच्या छेदात 1 − α असतो आणि पुढच्याच ओळीत 'α नगण्य म्हणून' असं लिहून तो उडवतात. ती ओळ आणि आपली सवलत एकच. दोन वेगळी प्रकरणं म्हणून शिकवल्यामुळे मुलांना ती वेगळी वाटतात.

म्हणून 'सौम्य आम्ल आहे का' हा प्रश्न पुरत नाही. Ka आणि C या दोघांची तुलना करावी लागते. तुझं क्लोरोॲसेटिक आम्ल ०.१ मोलर असतं तरी सूत्राने १२ टक्के दाखवले असते आणि पीएच ०.०२६ ने चुकला असता. क्लोरीनचा अणू इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे हायड्रोजन सुटायला सोपा जातो आणि Ka ॲसेटिकच्या जवळपास ऐंशीपट होतो. नावात एक 'क्लोरो' वाढला की सवलत संपत आली असं समज.

आतापर्यंत एकाच बाजूची चूक पाहिली, x फार मोठा असण्याची. उलट बाजूलाही एक खड्डा आहे, आणि ५ टक्क्यांची तपासणी तो मुळीच पकडत नाही. कॅरमच्या पाटावर टाकतो ती पावडर, बोरिक आम्ल. Ka = 5.8 × 10⁻¹⁰, अतिशय सौम्य. त्याचं 10⁻⁵ मोलर द्रावण घे.

x = √(5.8 × 10⁻¹⁰ × 10⁻⁵) = 7.6 × 10⁻⁸

तपासणी कर, x भागिले C म्हणजे ०.७६ टक्के. ५ पेक्षा कितीतरी कमी, तपासणी पास. पीएच काढ: ७.१२. आम्ल टाकलं आणि द्रावण आम्लारीधर्मी झालं! असं होऊच शकत नाही.

इथे x लहान आहे हे अगदी खरं आहे. चूक दुसऱ्या गृहीतकात आहे, जे आपण उच्चारलंच नव्हतं: सगळे हायड्रोजन आयन आम्लातूनच येतात, पाण्यातून काही येत नाहीत. शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सियसला 10⁻⁷ इतके हायड्रोजन आयन आधीच असतात. आम्लाने दिलेले 7.6 × 10⁻⁸ हे त्याहूनही कमी आहेत. आता दोन्ही नुसते मिळवून टाकावे असं वाटतं, पण तेही बरोबर नाही. आम्लामुळे आयन वाढले की पाणी स्वतः कमी फुटतं. बरोबर हिशोब असा बसतो:

[H⁺] = √(Ka·C + Kw) = √(5.8 × 10⁻¹⁵ + 10 × 10⁻¹⁵) = 1.26 × 10⁻⁷

पीएच ६.९०. सात पेक्षा किंचित कमी, जसा असायला हवा तसा. या सूत्रात Kw घातला आहे, पण छेदातला C तसाच ठेवला आहे, कारण या आम्लाचा एक टक्काही फुटलेला नाही. दोन्ही सवलती एकदम मोडतात असं गणित बारावीत येणार नाही. आलंच तर त्याला घनसमीकरण लागतं.

पाण्याकडे कधी लक्ष द्यायचं? मी सोपी खूण ठेवली आहे. साध्या सूत्राने पीएच ६ पेक्षा कमी आला तर पाणी विसर. बरोबर ६ वर Kw मुळे पडणारा फरक फक्त ०.००२ असतो. ६ च्या वर आला तर Kw मिळवून परत काढ. आणि प्रयोगशाळेत मोजायला जाणार असशील तर हे सगळं कागदावरचं समज. उघड्या बाटलीतलं ऊर्ध्वपातित पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून स्वतःच ५.६ च्या आसपास उतरलेलं असतं. त्यात 10⁻⁵ मोलर बोरिक आम्ल टाकलं की नाही, हे मीटरला कळणारही नाही.

एक गोष्ट थोडक्यात. √(Ka·C) हे सूत्र फक्त 'एकटं आम्ल आणि पाणी' यासाठी आहे. द्रावणात सोडियम ॲसेटेट किंवा हायड्रोक्लोरिक आम्लही असेल तर हायड्रोजन आयन आणि ऋण आयन सारखे राहत नाहीत, वरचा x² च मोडतो. तिथे टक्केवारी तपासून काही उपयोग नाही, मांडणीच नव्याने करावी लागते.

आता तुझ्या सरावासाठी एक. ०.०२ मोलर फॉर्मिक आम्ल, मुंगी चावते तेव्हा झोंबतं ते. Ka = 1.8 × 10⁻⁴. सूत्राने x येईल 1.9 × 10⁻³ आणि पीएच २.७२. भागाकार केला की ९.५ टक्के. चूक किती असेल? ९.५ गुणिले ०.००२२, म्हणजे ०.०२. वर्गसमीकरण न सोडवताच तुला कळलं की खरा पीएच २.७४ असणार. सोडवून बघ, २.७४ च येतो.

परीक्षेत हे कसं लिहायचं तेही सांगते, कारण तपासताना मी तेच शोधते. सूत्राने x काढ, त्याच्या खालच्या ओळीत x/C × 100 किती ते लिही. ५ च्या आत असेल तर 'म्हणून C − x ≈ C योग्य' एवढं लिहून पीएच काढ. बाहेर असेल तर ती ओळ खोडू नकोस. तिच्याखाली 'म्हणून पूर्ण समीकरण' असं लिहून पुढे जा. तुझ्या वहीत २.४३ नंतर ३७ टक्के अशी एक ओळ असती तर उत्तरसूची न उघडताच तुला २.५१ मिळाला असता.